चुंबक धरतो, पण चार्जिंग होत नाही

रात्री झोपताना स्मार्टवॉच चार्जरजवळ नेलं की ते टक्कन जाग्यावर बसतं. हात सोडला तरी सरकत नाही. त्या आवाजाने आणि त्या पकडीने आपलं समाधान होतं आणि आपण दिवा मालवतो. सकाळी उठून बघावं तर बॅटरी रात्री होती तेवढीच, किंवा त्याहून कमी. कधी पडद्यावर विजेची खूण येते आणि लगेच जाते, पुन्हा येते, पुन्हा जाते, आणि प्रत्येक वेळी घड्याळ थरथरतं. मग कोणी म्हणतं केबल गेली, कोणी म्हणतं बॅटरी गेली, आणि घरातल्या तरुण मंडळींचं मत पडतं की आता नवीनच घ्या. अशी कितीतरी घड्याळं ड्रॉवरमध्ये पडून असतात, ज्यांची बॅटरीही धड असते आणि केबलही. दोष असतो तो त्या दोघांच्या मध्ये साचलेल्या थरात.

चुंबकाची पकड आणि विजेचा संपर्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात आलं की अर्धं काम झालं. चुंबक फक्त घड्याळ जाग्यावर धरून ठेवतो. त्याचं आकर्षण प्लास्टिकमधून, काचेतून, मळाच्या थरातूनही सहज पोचतं. वीज मात्र तशी पोचत नाही. पाच व्होल्टची वीज मळाच्या केसाएवढ्या थरापाशीसुद्धा अडते. म्हणून पकड घट्ट आणि चार्जिंग शून्य, हा प्रकार घडू शकतो.

आपलं घड्याळ कोणत्या जातीचं आहे, ते आधी बघून घ्यावं. घड्याळ पालथं करा. मागच्या बाजूला दोन किंवा चार बारीक सोनेरी ठिपके दिसले, तर ते धातूच्या स्पर्शाने चार्ज होणारं घड्याळ. भारतात दीड-दोन हजारांपासून मिळणारी बहुतेक घड्याळं याच जातीची आहेत आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे. ठिपके अजिबात नसतील, मागचा भाग सलग काचेचा किंवा सिरॅमिकचा असेल, तर चार्जिंग बिनतारी पद्धतीचं आहे. अॅपलची घड्याळं २०१५पासून अशीच आहेत. गूगलने मात्र २०२२मध्ये आपलं पहिलं घड्याळ बिनतारी चार्जिंगचं काढलं आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीला ठिपके दिले. तेव्हा कंपनीच्या नावावरून अंदाज बांधू नये, पाठ उलटून पाहावी.

आता चार्जरचं डोकं उजेडात धरा. घड्याळावरच्या ठिपक्यांसमोर येतील अशा त्याला बारीक पिना असतात. नखाने हलकेच दाबली तर पिन आत जाते आणि सोडली की वर येते. प्रत्येक पिनेखाली एका चिमुकल्या नळीत स्प्रिंग असते. मोबाइल दुरुस्तीवाले यांना पोगो पिन म्हणतात. ठिपके आणि पिना दोन्हींवर सोन्याचा मुलामा असतो, त्याखाली बहुधा निकेल आणि त्याखाली पितळ किंवा तांब्याचा मिश्रधातू. सोनं गंजत नाही, त्याच्यावर हवेचा परिणाम होत नाही, म्हणून ते वापरतात. पण हा मुलामा अतिशय पातळ असतो, पुष्कळदा मायक्रॉनपेक्षाही कमी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ही गोष्ट पुढे साफसफाईच्या वेळी लक्षात ठेवायची आहे.

पिनेचं टोक गोलसर असतं आणि ठिपका सपाट. त्यामुळे दोघांचा खरा स्पर्श होतो तो सुईच्या अग्राएवढ्या जागेत. सगळी वीज तेवढ्याच जागेतून घड्याळात शिरायची असते. तिथे काय साचतं ते आता बघू.

मनगटावर दिवसभर घाम येतो. घामातलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्वचेतून थोडं तेल स्रवतंच, शिवाय हाताला लावलेलं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, केसांना तेल लावताना मनगटापर्यंत आलेला ओघळ हे सगळं पट्ट्याखाली सरकतं. त्यात त्वचेच्या मेलेल्या पेशींचा भुगा मिसळतो. घड्याळ त्वचेवर दाबलेलं असल्यामुळे हे मिश्रण ठिपक्यांवर लिंपलं जातं. ताजं असताना ते बोटाने पुसलं जातं. काही दिवस तसंच राहिलं की हवेतल्या ऑक्सिजनने त्यातलं तेल चिकट आणि घट्ट होतं, आणि त्यात मीठ अडकून बसतं. मग ठिपका सोनेरी दिसतो पण त्याची चमक गेलेली असते, वर किंचित धुरकट साय आल्यासारखी दिसते. घड्याळ चार्जरला लावलं की यातला थोडा ऐवज पिनांवर जातो आणि तिथून पिनेच्या नळीत उतरतो.

हे तेल विजेला पूर्ण बंद करतंच असं नाही. बहुतेक वेळा ते फक्त वाट अवघड करतं, आणि म्हणूनच बिघाड ओळखायला कठीण जातो. इथे थोडं गणित करायला हवं. लहान घड्याळाची बॅटरी साधारण दोनशे ते तीनशे मिलिअँपिअर-तासांची असते आणि चार्ज होताना ते ०.२ अँपिअरच्या आसपास वीज घेतं. चार्जरकडून ५ व्होल्ट येतात. समजा दोन्ही ठिपक्यांवरच्या मळामुळे मिळून ६ ओहमचा अडथळा तयार झाला. अडथळ्याला प्रवाहाने गुणलं की वाटेत किती व्होल्ट खर्ची पडले ते कळतं. ६ गुणिले ०.२ म्हणजे १.२ व्होल्ट. पाचातून हे गेले की घड्याळाच्या आत पोचतात ३.८. लिथियम बॅटरी पूर्ण भरते तेव्हा तिचा स्वतःचा दाब ४.२ व्होल्ट किंवा किंचित जास्त असतो. तेव्हा तिला भरायची तर बाहेरून येणारी वीज त्याहून वरच्या दाबाची हवी. ३.८ने ती भरणार कशी?

यानंतर घड्याळात काय होतं ते पाहा. आतलं चार्जिंग सर्किट चार्जरला ओळखतं, पडद्यावर खूण दाखवतं आणि प्रवाह ओढायला लागतं. प्रवाह वाढला की मळाच्या जागी व्होल्ट पडतात. ते फार पडले की सर्किट म्हणतं चार्जर काढला, आणि थांबतं. प्रवाह थांबला की अडथळ्यात काही खर्ची पडत नाही, लगेच पुन्हा पाच व्होल्ट दिसायला लागतात. सर्किटला वाटतं चार्जर लावला. पुन्हा खूण, पुन्हा थरथर. सुरुवातीला सांगितलेली ती लुकलुक हीच. मळ थोडा कमी असेल तर दुसराच अनुभव येतो. बॅटरी रिकामी असताना, म्हणजे तिचा दाब कमी असताना, चार्जिंग बऱ्यापैकी चालतं, आणि ती भरत आली की रेंगाळतं. दोन तासांत भरणारं घड्याळ रात्रभर लावूनही भरत नाही.

याच गणितामुळे मल्टिमीटरने केलेली चार्जरची साधी तपासणी फसवी ठरते. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचं घड्याळ मी पाहिलं तेव्हा त्यांच्या मुलाने ही तपासणी आधीच करून ठेवली होती. चार्जरच्या दोन पिनांवर मीटरच्या काड्या टेकवल्या, ५.१ व्होल्ट आले, म्हणजे चार्जर चांगला, म्हणजे घड्याळच बिघडलं, असा त्याचा निष्कर्ष होता. पण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. प्रवाह नसेल तर अडथळ्यात व्होल्ट पडणार नाहीत, मग अडथळा सहा ओहमचा असो की साठ. शिवाय मीटरची टोकदार काडी मळाचा थर टोचून थेट धातूला लागते. त्या ५.१वरून एवढंच कळतं की केबल मधेच पूर्ण तुटलेली नाही. घड्याळाला पुरेल इतका प्रवाह ती वाहून नेते का, हे त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी यूएसबी मीटर लागतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारा अंगठ्याएवढा तुकडा. तो अॅडॉप्टर आणि केबल यांच्यामध्ये खोचायचा, म्हणजे किती व्होल्ट आणि किती अँपिअर जात आहेत ते त्याच्या पडद्यावर दिसतं. काकूंचं घड्याळ चार्जरला लावलं तेव्हा अँपिअरच्या जागी ०.०० दिसत होतं, मधूनच ०.०४ आणि पुन्हा ०.००. अशी उडी मारणारा आकडा दिसला की संशय आधी संपर्कावर घ्यायचा. केबल पूर्ण तुटलेली असती तर शून्यच राहिलं असतं.

काकू रोज पहाटे फिरायला जातात, आल्यावर घड्याळ काढून तसंच चार्जरला लावतात आणि अंघोळीला जातात. "पाण्याने धुते की मी अधूनमधून," त्या म्हणाल्या. "मग मळ कसला साचेल?"

प्रश्न रास्त होता. पण पाण्याने मीठ जातं, तेल जात नाही. आणि नुसत्या अल्कोहोलचं नेमकं उलट आहे. तेल त्यात विरघळतं, मीठ जवळजवळ विरघळत नाही. दुरुस्तीवाल्यांकडचं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला ते नुसतं आयपीए म्हणतात, सर्किट बोर्डासाठी उत्तम, कारण त्यात पाणी नसतं आणि ते झटकन उडतं. पण घामाच्या थरावर ते एकटं वापरलं तर तेल निघतं आणि मिठाचे बारीक कण जागेवरच राहतात. म्हणून साफ करताना क्रम महत्त्वाचा. आधी पाणी, मग अल्कोहोल. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल या कामाला चांगलं पडतं, कारण त्यातल्या ३० टक्के पाण्याने मीठही सैल होतं.

घड्याळ आधी बंद करायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. पट्टा चामड्याचा असेल तर अल्कोहोलने त्याचा रंग उडतो, आणि शिवाय पट्टा मधे नसला की हात नीट चालतो. स्वच्छ सुती कापडाचा कोपरा साध्या पाण्यात ओला करून घट्ट पिळायचा आणि ठिपक्यांवरून व भोवतीच्या खाचेतून फिरवायचा. मग कोरड्या कापडाने टिपायचं. आता कान साफ करायची कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून बाटलीच्या तोंडाशी निथळून घ्यायची. थेंब पडता कामा नये. प्रत्येक ठिपक्यावर ती किंचित दाब देऊन गोल फिरवायची. पहिली काडी तपकिरी निघते. दुसरी घ्यायची. काडी पांढरी निघेपर्यंत हे करायचं. ठिपक्याच्या कडेला, जिथे धातू आणि प्लास्टिक भेटतं तिथे, मळाची रेघ राहते. ती लाकडी टूथपिकच्या टोकाने हलकेच सुटते. स्पीकर, माइक किंवा हवेच्या दाबाचं बारीक छिद्र जवळ असेल तर तिथे अल्कोहोल जाऊ द्यायचं नाही, आणि पुढच्या काचेलाही लावायचं नाही, कारण बोटांचे ठसे न उमटावेत म्हणून तिच्यावर जो लेप असतो तो उतरतो.

काकूंच्या घड्याळाच्या पाठीमागे पहिल्या काडीवर आलेला मळ फिकट तपकिरी आणि मेणासारखा होता. ठिपके पुसल्यावर चमकले. पुन्हा चार्जरला लावलं तर मीटरवर ०.०९ आलं, पण स्थिर राहीना. म्हणजे अर्धं काम बाकी होतं, आणि ते चार्जरच्या बाजूला होतं.

चार्जरच्या पिना बहुतेक लोक साफ करतच नाहीत, कारण तो हाताला लावायची वस्तू नाही, मग मळणार कसा असं वाटतं. त्यांचं डोकं डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरून बघायचं. दोन्ही पिना सारख्याच उंच दिसायला हव्यात. काकूंच्या चार्जरची एक पिन दुसरीपेक्षा किंचित खाली बसलेली होती. लाकडी टूथपिकने दाबली तर आत गेली आणि वर येताना अडखळली. नळीत गेलेल्या तेल-मिठाने स्प्रिंग चिकटली होती. केबल अॅडॉप्टरमधून काढून टाकली, पिनेच्या मुळाशी अल्कोहोलचा अगदी बारीक ओलावा दिला आणि टूथपिकने तिला पुन्हा पुन्हा दाबून सोडत राहिलो. दर वेळी मळकट ओल वर येई, ती टिपून घ्यायची. शेवटी पिन चटकन उसळायला लागली. चार्जर पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं पूर्ण वाळू दिला. त्यानंतर घड्याळ लावलं तेव्हा मीटर ०.१८वर गेला आणि तिथेच टिकला.

या कामात जे वापरू नये त्याचाही उल्लेख हवा, कारण काही घड्याळं मळाने नव्हे तर मळ काढण्याच्या खटाटोपात कायमची निकामी होतात. पॉलिश पेपर, नेलफाइल, ब्लेडचं टोक यांनी ठिपका लखलखीत होतो, कारण वरचं सोनं निघून खालचं निकेल किंवा पितळ उघडं पडतं. आठवडाभर घड्याळ छान चालतं. मग उघडा पडलेला धातू घामाने काळवंडतो, आणि या वेळी तो थर पुसून निघत नाही. हँड सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असलं तरी हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरिनसारखे पदार्थही असतात, ते मागे नवा थर ठेवतात. अत्तर आणि बॉडी स्प्रे यांचंही तेच. गंज काढायच्या स्प्रेमध्ये तेल असतं. आणि शाईच्या खोडरबरात घासणारे बारीक कण असतात, त्यामुळे तेही नको.

एखाद्या ठिपक्यावर किंवा पिनेवर हिरवट किंवा काळा डाग दिसत असेल आणि तो काडीने निघत नसेल, तर तो तेलाचा मळ नव्हे, गंज आहे. बहुतेक वेळा दोघांपैकी एकच पिन अशी खराब झालेली असते, आणि ती असते धन बाजूची. याचं कारण काकूंच्या सवयीत आहे. घामाने ओलं घड्याळ चालू चार्जरवर ठेवलं की दोन पिनांच्या मध्ये खाऱ्या पाण्याचा थेंब येतो. पाच व्होल्टचा दाब त्यातून प्रवाह ढकलतो. पाण्याचं विघटन व्हायला सव्वा व्होल्टच्या थोडा वर दाब पुरतो, इथे तर पाच आहेत. मुलाम्याला कुठे सूक्ष्म छिद्र असेल तिथून धन बाजूच्या पिनेचा धातू विरघळायला लागतो आणि त्यातलं तांबं हिरव्या क्षाराच्या रूपाने वर साचतं. शाळेच्या प्रयोगशाळेत तांब्याच्या पट्ट्या मोरचूदच्या पाण्यात सोडून जे दाखवतात, तीच क्रिया इथे चालते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर घड्याळ नसतानाही हे थोडंफार होत राहतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि मळलेल्या पिना प्लगला चोवीस तास जोडलेल्या असतात. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं. घड्याळ उचललं की ते बंद करावं, आणि घड्याळ लावायच्या आधी त्याची पाठ कोरड्या कापडाने पुसावी. चार्जिंगच्या पिना टिकवायला एवढं पुरतं. गंज फार खोल नसेल तर अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने वरचा क्षार निघतो आणि घड्याळ काही काळ चालतं. मुलामा गेला असेल तर तो घरी परत येत नाही. चार्जरची पिन अशी झाली असेल तर नवी केबल घेणं हाच शहाणपणा.

साफसफाईनंतरही मीटर सरळ ०.००वर राहिला तर मात्र चार्जर तपासायचा. आधी अॅडॉप्टर बदलून बघा. जुन्या मोबाइलचा, ज्यावर पाच व्होल्ट आणि एक अँपिअर लिहिलेलं असतं तो, या कामाला सर्वांत भरवशाचा, आणि बऱ्याच घड्याळ कंपन्या तोच वापरायला सांगतात. पॉवर बँकेवर घड्याळ थोडा वेळ चार्ज होऊन थांबत असेल तर घड्याळाचा दोष समजू नका. घड्याळ इतका कमी प्रवाह घेतं की पुष्कळ पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या आपोआप बंद होतात. मग केबल. मीटरकडे नजर ठेवून केबल दोन्ही टोकांपाशी, जिथे ती प्लगमध्ये आणि चार्जरच्या डोक्यात शिरते तिथे, हळूच वाकवा. एखाद्या वळणावर आकडा येतो-जातो असं दिसलं तर आतली तार तिथे तुटत आली आहे. ओळखीत कोणाकडे अगदी त्याच मॉडेलचं घड्याळ असेल तर सगळ्यात उत्तम. त्यांची केबल तुमच्या घड्याळाला आणि तुमची त्यांच्या घड्याळाला लावली की पाच मिनिटांत निकाल लागतो. मल्टिमीटरनेच खात्री करायची तर चार्जरवर ओझं टाकून करावी. ३३ ओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर पिनांना जोडला तर ०.१५ अँपिअर वाहतात. त्या अवस्थेत पिनांवर साडेचारपेक्षा बरेच जास्त व्होल्ट टिकले तर चार्जर खरोखर चांगला. मीटरच्या काड्या मात्र जपून धराव्या. दोन पिनांमध्ये तीन-चार मिलिमीटरचंच अंतर असतं, काडी घसरली की दोन्ही पिना जोडल्या जातात.

हाच प्रकार नकळतही घडतो, तोही चुंबकामुळे. ड्रॉवरमध्ये पडलेल्या चार्जरच्या डोक्याला स्टेपलरची पिन, टाचणी, किल्लीच्या साखळीची कडी अशा वस्तू येऊन चिकटतात. त्या आडव्या बसल्या तर दोन्ही पिना जोडल्या जातात. बटण चालू असेल तर ती कडी चटका बसेल इतकी तापू शकते आणि अॅडॉप्टर स्वतःला बचावासाठी बंद करतो. लोखंडाचा बारीक कीस तर दिसतही नाही. सेलोटेपचा तुकडा दाबून उचलला की तो निघून येतो. चार्जर घेताना आणि ठेवताना एकदा त्याच्या तोंडाकडे बघावं.

काही वेळा सगळं स्वच्छ असतं, केबल धड असते आणि तरी घड्याळ जागं होत नाही. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या घड्याळाची बॅटरी इतकी उतरते की आतलं संरक्षक सर्किट तिला तोडून ठेवतं. चार्जर लावल्यावर अशा बॅटरीला आधी अगदी थोडा प्रवाह दिला जातो, कारण खोल उतरलेल्या लिथियम बॅटरीत एकदम जोराने वीज भरणं धोक्याचं असतं. या काळात पडदा काळाच राहतो. मीटरवर ०.०१ किंवा ०.०२ दिसत असेल तर घड्याळ तासभर तसंच ठेवा, बटणं दाबत बसू नका. दुसरं कारण उष्णता. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते आणि बहुतेक घड्याळं त्याच्या आधीच थांबतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं घड्याळ घरी आणून लगेच लावलं तर ते नकार देणारच. सावलीत, पंख्याखाली थंड होऊ द्यावं. फ्रिजमध्ये ठेवू नये, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

बिनतारी घड्याळांचं थोडक्यात सांगतो. त्यांत चार्जरमधल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्राच्या लहरी घड्याळातल्या वेटोळ्यापर्यंत जातात, त्यामुळे पातळ तेलाने काही अडत नाही. मात्र दोन्ही वेटोळी समोरासमोर आणि जवळ यायला हवीत. पाठीच्या कडेने जाड मळाचं कडं जमलं, नव्या चार्जरवरची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली, किंवा बंद पट्ट्यामुळे घड्याळ चार्जरवर तिरपं टेकलं की चार्जिंग रेंगाळतं आणि घड्याळ तापतं. पाठ आणि चार्जर दोन्ही ओलसर कापडाने पुसून, पट्टा उघडून, सपाट ठेवून बघायचं. तिरपं बसण्याची अडचण पिनांच्या घड्याळांतही असते, फक्त तिथे एक पिन टेकते आणि दुसरी अधांतरी राहते.

केबल नवी घ्यायची ठरली तर मॉडेलचं नाव बघून घ्या, नुसतं 'दोन पिनांची चुंबकी केबल' मागू नका. बाजारात दोन पिनांमधलं अंतर २.८४ मिलिमीटर असलेल्या आणि ४ मिलिमीटर असलेल्या केबली सर्रास मिळतात आणि वरून सारख्याच दिसतात. चुंबकाचे ध्रुव असे बसवलेले असतात की केबल उलटी धरली तर ती दूर ढकलली जावी, म्हणजे धनाला ऋण लागू नये. पण कोणत्या ध्रुवाकडे धन ठेवायचं, यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. परक्या केबलीचं डोकं तुमच्या घड्याळाला मजेत चिकटेल आणि वीज उलटी जाईल, असं होऊ शकतं. काही घड्याळांत त्यापासून बचाव असतो, काहींत नसतो. हातात मीटर असेल तर जुन्या आणि नव्या केबलीची धन पिन एकाच बाजूला येते का, ते लावण्याआधी पाहून घ्यावं.

आणि घड्याळाची पाठ किंवा पुढची काच किंचित उचललेली दिसत असेल, कडेला फट पडली असेल, तर यातलं काहीच करू नका. बॅटरी आत फुगली आहे. ते पुन्हा चार्जरला लावायचं नाही, दाबून बसवायचं नाही, ते दुरुस्तीवाल्याकडेच द्यायचं. काम झाल्यावर पाठ नव्या रबरी कड्यासह बसवणार का आणि पाण्याच्या दाबाची चाचणी करून देणार का, हे देतानाच विचारून घ्यावं. एकदा उघडलेलं घड्याळ ही चाचणी झाल्याशिवाय पाण्यात नेण्याजोगं राहत नाही, मग पाठीवर कितीही एटीएम छापलेले असोत.